ऑफर लेटरच्या फोटोवरून पगाराचा तक्ता: महिन्याचे किती, वर्षाचे किती, हातात किती

निपाणीच्या भाच्याने रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला आणि लगेच फोन केला. "मामा, साडेतीन लाखाचं पॅकेज आहे. म्हणजे महिन्याला एकोणतीस हजार की!" कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती, घर सोडायचीही गरज नव्हती. आनंद रास्तच होता, पण एकोणतीस हजार हा आकडा माझ्या घशाखाली उतरेना. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली. पॅकेजला बारानं भागून आलेला आकडा मी कुणाच्या बँकेत जमा झालेला पाहिलेला नाही.

फोटोत पगाराचा तक्ता होता, पण कागदाची घडी बरोबर मधल्या ओळीवरून गेलेली, वरच्या कोपऱ्यात फ्लॅशचा पांढरा डाग आणि खालच्या उजव्या बाजूला भाच्याचा अंगठा. दुसरा फोटो सकाळीच मिळणार होता, कारण पत्र मित्राच्या बॅगेत राहिलं होतं. म्हणून त्या रात्री आहे त्याच फोटोवरून तक्ता मांडला. तो कसा मांडला ते इथे ओळीनं सांगतो. आकडे त्याच पत्रातले आहेत.

आधी फोटो

तुमच्या हातात पत्र असेल तर फोटो नीट काढणं हेच अर्धं काम आहे. पगाराचा तक्ता बहुतेक पत्रांत शेवटच्या पानावर, अ‍ॅनेक्शर म्हणून असतो. ते पान खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवायचं, घडी हातानं दाबून काढायची, फ्लॅश बंद करायचा आणि मोबाइल पानाच्या बरोबर वर आडवा धरायचा. तिरका धरला की लांबची रकान्यांची ओळ वाकडी येते आणि मग एका नावापुढचा आकडा दुसऱ्या नावापुढे वाचला जातो. पानाच्या चारही कडा फोटोत दिसल्या पाहिजेत. कड कापली गेली की शेवटचं शून्यही जातं, आणि ते गेल्याचं लक्षातही येत नाही.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. साधा फोटो पाठवताना अ‍ॅप त्याचा आकार कमी करतं आणि बारीक आकड्यांच्या कडा पुसट होतात. नाव, पत्ता, सही असलेलं पहिलं पान पाठवायची तशी गरज नसते. तक्त्याचं पान पुरतं.

आकडे वहीत की शीटमध्ये

मी Google Lens ने मजकूर उचलतो आणि मग मूळ फोटो शेजारी ठेवून प्रत्येक आकडा डोळ्यांनी पडताळतो. लेन्सला अक्षरं कळतात, तक्ता मात्र नेहमी कळतोच असं नाही. पुष्कळदा ते आधी सगळी नावं एकाखाली एक देतं, मग महिन्याचे सगळे आकडे, मग वर्षाचे. त्यात महिन्याच्या रकान्यात एखादी जागा रिकामी असली, म्हणजे नुसती आडवी रेघ असली, की ती गाळली जाते आणि खालचे सगळे आकडे एक घर वर सरकतात. मेडिक्लेमपुढे बोनसचा आकडा दिसतो तो असा. म्हणून दहा-बारा ओळींसाठी मी आकडे हातानंच टाइप करतो. स्वल्पविराम टाकत नाही, रुपयाचं चिन्ह टाकत नाही, ".००" पण नाही. चिकटवलेला आकडा शीटमध्ये घराच्या डाव्या बाजूला चिकटून बसला तर शीट त्याला मजकूर समजतंय आणि बेरजेत धरत नाहीये, हे ओळखायचं. खरा आकडा उजवीकडे सरकतो.

त्या रात्री पहिल्या झटक्यात माझ्या शीटमध्ये जे उतरलं ते असं:

| घटक | महिना | वर्ष |
|---|---|---|
| बेसिक | १३,००० | १,५६,००० |
| घरभाडे भत्ता (एचआरए) | ५,२०० | ८२,४०० |
| कन्व्हेयन्स | १,६०० | १९,२०० |
| स्पेशल अलाउन्स | ४,५६० | ५५,८०० |
| ग्रॉस | २४,४५० | २,९३,४०० |
| कंपनीचा पीएफ | १,?६० | १८,७२० |
| ग्रॅच्युइटी | ६२५ | अंगठ्याखाली |
| मेडिक्लेम | – | ४,८०० |
| परफॉर्मन्स बोनस | – | २४,००० |
| एकूण सीटीसी | २९,०३५ | ३,४८,४२० |

सीटीसी म्हणजे एका माणसामागे कंपनीला वर्षाला येणारा सगळा खर्च. साडेतीन लाख हे तोंडी बोलणं, कागदावर ३,४८,४२०. तेवढं चालतं. पण वरच्या तक्त्यात दोन आकडे साफ चुकीचे आहेत, दोन वाचताच येत नाहीत आणि एक आकडा बरोबर असूनही फसवा आहे.

आडवी तपासणी, उभी तपासणी

पगाराच्या तक्त्याचा एक फायदा असा की त्यातला प्रत्येक आकडा दोन ठिकाणी बांधलेला असतो. आडवा पाहिला तर महिना गुणिले बारा म्हणजे वर्ष. उभा पाहिला तर वरच्या चार घटकांची बेरीज म्हणजे ग्रॉस. शीटमध्ये A रकान्यात नाव, B मध्ये महिना, C मध्ये वर्ष ठेवलं आणि D मध्ये पहिलं सूत्र दोन्ही आकडे असलेल्या प्रत्येक ओळीला लावलं. उभ्या बेरजेसाठी खालची दोन. बेसिक दुसऱ्या ओळीवर आणि ग्रॉस सहाव्या ओळीवर आहे असं धरून:

```
=B2*12-C2
=SUM(B2:B5)-B6
=SUM(C2:C5)-C6
```

उत्तर शून्य आलं तर ओळ खरी. नाही आलं तर फरकाचा आकडा पुसून टाकू नका. चूक कुठली आहे ते तोच सांगतो.

महिन्याच्या रकान्याची बेरीज २४,३६० आली, पत्रात ग्रॉस २४,४५०. फरक ९०. आमचे जुने कॅशियर असा फरक दिसला की आधी नऊनं भागून बघायचे. नऊनं नि:शेष भाग गेला तर शेजारचे दोन अंक अदलाबदल झाल्याचा पहिला संशय. ९० ला भाग जातो, म्हणजे दशक आणि शतक यांच्या जागी गोंधळ असावा. स्पेशल अलाउन्स पुन्हा पाहिला: फोटोत ४,६५० होता, मी घाईत ४,५६० टाइप केला होता. फोटोचा काही दोष नव्हता, माझ्याच बोटांचा होता. आडवं गणितही तेच सांगत होतं, कारण ४,६५० गुणिले १२ म्हणजे ५५,८००.

वर्षाच्या रकान्याची बेरीज ३,१३,४०० आली, पत्रात २,९३,४००. फरक २०,०००. याला नऊनं भाग जात नाही, आणि एका अंकापुढे सगळी शून्यंच आहेत. असा फरक म्हणजे कुठेतरी एकच अंक चुकीचा वाचला गेलाय. तो दहा हजाराच्या जागी आहे आणि दोननं जास्त वाचलाय. पत्रातले आकडे इंग्रजी असतात, आणि इंग्रजी सहा आणि आठ म्हणजे सख्खे भाऊ. फ्लॅशचा डाग नेमका एचआरएच्या वर्षाच्या आकड्यावर होता. ५,२०० ला बारानं गुणलं: ६२,४००. लेन्सनं सहाचा आठ केला होता. तीनचा आठ झाला तर फरकात पाच दिसतो, एकचा सात झाला तर सहा. सरावानं फरक पाहूनच कळतं कुठला अंक घसरला.

एक सावधगिरी मात्र ठेवा. शून्याच्या जागी नऊ वाचला गेला तरी फरक ९, ९०, ९०० असाच येतो. म्हणून नऊचा नियम फक्त कुठे बघायचं ते सांगतो, शेवटी डोळा फोटोवरच ठेवायचा.

आणि काही रुपयांचा फरक आला तर? पत्र वर्षाच्या आकड्यावरून केलेलं असेल तर बारानं भागून महिन्याचा आकडा जवळच्या रुपयात बसवतात. त्यात जास्तीत जास्त पन्नास पैसे इकडे-तिकडे होतात, बारा महिन्यांत सहा रुपये. म्हणून एका ओळीत सहा रुपयांपर्यंतचा फरक मी सोडून देतो. सातव्या रुपयाला मात्र चष्मा लावतो. असं पत्र असेल तर वर्षाचा आकडा मूळ धरा आणि महिन्याचा त्यावरून काढा, उलटं करू नका.

जे दिसतच नाही ते कसं भरायचं

घडीवरचा कंपनीचा पीएफ सोपा निघाला. वर्षाचे १८,७२० स्पष्ट होते, बारानं भागले की १,५६०. पण घडीवरच्या आकड्याला मी एकाच साक्षीदारावर सोडत नाही. पीएफ बेसिकच्या बारा टक्के असतो. १३,००० चे बारा टक्के १,५६०. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणजे आकडा पक्का. तुमच्या पत्रात बेसिक पंधरा हजारांच्या वर असेल तर बारा टक्क्यांऐवजी सरळ १,८०० दिसू शकतात, कारण कायद्यानं पीएफसाठी पगाराची मर्यादा १५,००० आहे आणि पुष्कळ कंपन्या तिथेच थांबतात. ते गैर नाही.

अंगठ्याखालची ग्रॅच्युइटी काढायची तर तीन वाटा होत्या. पहिली, महिन्याचे ६२५ गुणिले १२, म्हणजे ७,५००. दुसरी, एकूण सीटीसीतून बाकी सगळं वजा करणं: ३,४८,४२० मधून २,९३,४००, १८,७२०, ४,८०० आणि २४,००० काढले की ७,५०० उरतात. तिसरी, ग्रॅच्युइटीचा स्वतःचा नियम: वर्षाला पंधरा दिवसांचा बेसिक पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. १३,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे नेमके ७,५००. पत्रांत कधी कधी हेच "बेसिकच्या ४.८१ टक्के" असं लिहिलेलं असतं. हिशेब तोच, दोन-चार रुपये इकडे-तिकडे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हरवलेला आकडा एकूण बेरजेतून वजा करून काढला, की त्या बेरजेचा पडताळणीसाठी उपयोग संपला. ती आता शून्य फरक दाखवणारच, कारण आपणच तो आकडा तिच्यावरून बेतलाय. म्हणून वजाबाकीनं भरलेल्या घराला दुसरा साक्षीदार हवाच, बारा पटीचा किंवा टक्क्याचा. एकाच रकान्यात दोन घरं दिसत नसतील आणि त्यांना टक्क्याचा आधारही नसेल, तर उगाच डोकं खाजवू नका. दुसरा फोटो मागवा. तोपर्यंत त्या घरात प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाचा आकडा टाकला की सकाळी तो खरा वाटायला लागतो.

२९,०३५ कुठून आला

आता फसवा आकडा. महिन्याच्या रकान्यात सगळ्यात खाली २९,०३५ छापलेलं होतं आणि भाच्याचा एकोणतीस हजारांचा आनंद तिथूनच आला होता. पण वरच्या ओळी मिळवा: ग्रॉस २४,४५०, पीएफ १,५६०, ग्रॅच्युइटी ६२५. बेरीज २६,६३५. फरक २,४००. नऊनं भाग जात नाही, एकट्या अंकापुढे शून्यं असलेलाही नाही, म्हणजे वाचण्यातली चूक नसावी. मग हे चोवीसशे कुठले? मेडिक्लेमचे ४,८०० आणि बोनसचे २४,००० मिळून २८,८००, भागिले बारा, बरोबर २,४००. पत्र करणाऱ्यानं त्या दोन ओळींत महिन्याच्या जागी रेघ मारली, पण खाली एकूण वर्षाच्या आकड्याला बारानं भागून टाकलं. गणित चूक नाही. पण महिन्याला न मिळणारे पैसे महिन्याच्या रकान्यात येऊन बसले.

म्हणून माझ्या तक्त्यात मी चौथा रकाना घालतो: हे पैसे कधी आणि कुठे मिळतात. त्याच्याशिवाय तक्ता अर्धाच आहे. दुरुस्त केलेला असा झाला:

| घटक | महिना | वर्ष | कधी, कुठे |
|---|---|---|---|
| बेसिक | १३,००० | १,५६,००० | दर महिन्याला पगारात |
| घरभाडे भत्ता | ५,२०० | ६२,४०० | दर महिन्याला पगारात |
| कन्व्हेयन्स | १,६०० | १९,२०० | दर महिन्याला पगारात |
| स्पेशल अलाउन्स | ४,६५० | ५५,८०० | दर महिन्याला पगारात |
| ग्रॉस | २४,४५० | २,९३,४०० | |
| कंपनीचा पीएफ | १,५६० | १८,७२० | पीएफ खात्यात |
| ग्रॅच्युइटी | ६२५ | ७,५०० | नोकरी सोडताना, अट पुरी झाली तर |
| मेडिक्लेम | – | ४,८०० | विमा कंपनीला, हातात नाही |
| परफॉर्मन्स बोनस | – | २४,००० | वर्षातून एकदा, कामगिरीवर |
| सीटीसी | | ३,४८,४२० | |

महिन्याच्या रकान्यात सीटीसीचं घर मी मुद्दाम रिकामं ठेवलंय. तिथे कुठलाही आकडा लिहिला तरी तो कुणाला तरी फसवणार.

चौथ्या रकान्याबद्दल दोन शब्द. ग्रॅच्युइटी कंपनी पहिल्या महिन्यापासून खर्चात धरते, पण कायम नोकरीत ती मिळायला साधारणपणे पाच वर्षं पुरी व्हावी लागतात. ठराविक मुदतीच्या करारावर घेतलं असेल तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही हक्क येतो, म्हणून नेमणूक कुठल्या प्रकारची आहे ते पत्राच्या पहिल्या पानावर बघून घ्या. बोनसची २४,००० ही वरची हद्द असते. पत्रात त्याच्याजवळ फुली किंवा चांदणी छापलेली असेल तर खाली बारीक अक्षरांत तिची अट असते, आणि फोटोत नेमकी तीच ओळ पुसट येते. ती ओळ वेगळी मोठी करून मागवा.

हातात येणारा पगार, आणि सीमेचा हिशेब

ग्रॉसमधून दोन कपाती होतात. पहिली, कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ, पुन्हा १,५६०. "पीएफ दोनदा कापला" ही तक्रार मी टाइम ऑफिसच्या खिडकीत इतक्यांदा ऐकलीय की काय सांगू. एकदा तो सीटीसीत कंपनीचा म्हणून दाखवलेला असतो, एकदा ग्रॉसमधून आपला कापला जातो. दोन्ही आपलेच, पण दोन्ही आज हातात नाहीत. पासबुकात मात्र ३,१२० ची बाकी शोधू नका. कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, म्हणजे इथे १,०८३ रुपये, आणि पीएफच्या बाकीत कंपनीचे फक्त ४७७ मिळवले जातात.

दुसरी कपात व्यवसाय कर, ज्याला सगळे पीटी म्हणतात. आपल्या भागात गोंधळ होतो तो इथेच, कारण पीटी घर कुठे आहे यावर नसतो, नोकरी कुठल्या राज्यात आहे यावर असतो. कर्नाटकात महिन्याचा पगार २५,००० च्या खाली असेल तर पीटी शून्य. पंचवीस हजार किंवा जास्त असेल तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात पुरुषाला दहा हजारांच्या वर पगार गेला की लगेच महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बायकांना मात्र महाराष्ट्रात २५,००० पर्यंत माफ आहे.

भाच्याचं ग्रॉस २४,४५०. हीच नोकरी, हाच पगार कर्नाटकात, उद्यमबागेत असता तर पीटी एक रुपया लागला नसता. कागल महाराष्ट्रात, तिथे वर्षाचे अडीच हजार जाणार. त्याच्या जागी बहीण असती तर कागलातही वाचले असते. निपाणी सोडून टोलनाका ओलांडला की हिशेब बदलतो, म्हणून नेटवर सापडलेला कुठलाही पगाराचा कॅल्क्युलेटर वापरताना राज्य कुठलं निवडलंय ते आधी बघा. मीसुद्धा सवयीनं कर्नाटक धरून २२,८९० सांगून बसलो होतो. भाच्याची आई मागून म्हणाली, "अरे दादा, कंपनी कागलात आहे नव्हं!" तेव्हा खोडलं.

तर २४,४५० वजा १,५६० वजा २००, हातात २२,६९०. वर्षाला २,९३,४०० वजा १८,७२० वजा २,५००, म्हणजे २,७२,१८०. इथेही आडवी तपासणी करा: २२,६९० गुणिले १२ म्हणजे २,७२,२८०. शंभराचा फरक आहे, आणि तो फेब्रुवारीचा जादा शंभर आहे. आयकर या पगाराला नवीन पद्धतीत लागत नाही, त्यामुळे ती ओळ शून्य. कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात वर्षातून एखाद-दोनदा होते, तिच्यासाठी मी ओळ घालत नाही. कॅन्टीन किंवा कंपनीच्या बसचे पैसे कापत असतील तर मात्र ती ओळ घालावी लागते. ते ऑफर लेटरात कधीच छापलेलं नसतं, फोन करूनच विचारायचं.

ज्यांचं ग्रॉस एकवीस हजार किंवा कमी आहे त्यांच्या पत्रात मेडिक्लेमऐवजी ईएसआय दिसेल. त्यात कर्मचाऱ्याचे पाऊण टक्का आणि कंपनीचे सव्वातीन टक्के. पाऊण टक्का ग्रॉसमधून कपातीत, सव्वातीन टक्के सीटीसीत. मांडणी पीएफसारखीच, एक ओळ वर आणि एक खाली.

जॉइनिंग बोनस असेल तर तो वर्षाच्या रकान्यात मिळवूच नका, तक्त्याच्या खाली वेगळा लिहा. तो एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुधा परत करावा लागतो. दुसऱ्या वर्षी पगार कमी झाल्यासारखा वाटतो त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पहिला पगार

सकाळी नीट फोटो आला. अंगठ्याखालचा आकडा ७,५०० च होता आणि बोनसजवळची चांदणी रात्री दिसलीच नव्हती ती आता दिसली: सहा महिन्यांच्या प्रोबेशनमधला काळ बोनसला धरला जाणार नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या तक्त्यात बोनसची ओळ जास्तीत जास्त १२,००० झाली, आणि त्या वर्षापुरती सीटीसीची बेरीज ३,३६,४२०.

भाचा ९ जूनला कामावर हजर झाला. महिनाअखेर बँकेचा मेसेज आला तसा त्याचा पुन्हा फोन: "मामा, सोळा हजारच आले की!" मी म्हटलं, आकडा नेमका वाच. १६,५८६. शीट उघडून एक रकाना वाढवला, हजर दिवस २२ भागिले ३०. ग्रॉस २४,४५० चे बावीस दिवसांचे १७,९३०. बेसिक त्याच हिशेबानं ९,५३३, त्याचा बारा टक्के पीएफ १,१४४. पीटी मात्र दिवसांवर कमी होत नाही, पूर्ण २००. १७,९३० मधून १,१४४ आणि २०० गेले, उरले १६,५८६.

"बरोबर आहे होय," म्हणाला आणि फोन आईकडे दिला.